डोस तोच, पातळी दुप्पट: थिओफायलिन, सुटलेली सिगारेट आणि सिप्रोफ्लॉक्सासिन

दम लागू नये म्हणून थिओफायलिनची गोळी वर्षानुवर्षं घेणाऱ्या माणसाला एक दिवस अचानक मळमळायला लागतं, हात थरथरतात, रात्रभर झोप लागत नाही. घरचे गोळ्यांचं पाकीट तपासतात. गोळी तीच, ताकद तीच, वेळाही त्याच. मग दोष नव्या अँटिबायोटिकवर जातो, नाहीतर पित्तावर. रक्तात मात्र थिओफायलिन दुपटीच्या पुढे गेलेलं असतं.

छातीविकाराच्या वॉर्डात औषधांचे कागद तपासणं हे माझं काम. तिथं एक गोष्ट पक्की शिकलो. या औषधाच्या बाबतीत "डोस किती?" हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न "गेल्या दोन आठवड्यांत काय बदललं?" हा लेख त्याच प्रश्नाचा आहे, आणि त्यातही दोन बदलांचा: सिगारेट सुटणं आणि सिप्रोफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक सुरू होणं. दोन्ही बदल बऱ्याचदा एकाच आठवड्यात येतात. दमा वाढला म्हणून माणूस दवाखान्यात दाखल होतो, तिथं सिगारेट आपोआप बंद होते, आणि छातीतल्या जंतुसंसर्गासाठी कुणीतरी सिप्रोफ्लॉक्सासिन लिहून देतं.

आधी गोळी ओळखा

"फायलिन" या शेपटाची औषधं बरीच आहेत आणि ती एकमेकांच्या जागी धरता येत नाहीत. पाकिटावरचं लहान अक्षरातलं नाव वाचा. थिओफायलिन एकटं असू शकतं, किंवा इटोफायलिनसोबत एकाच गोळीत असू शकतं. अमिनोफायलिन शरीरात जाऊन थिओफायलिनच देतं. त्यामुळे या लेखातलं धूर आणि सिप्रोफ्लॉक्सासिनचं सगळं गणित अमिनोफायलिनला जसंच्या तसं लागू आहे.

डॉक्सोफायलिनचं प्रकरण वेगळं. रेणू थिओफायलिनचाच, पण त्याला एक जोड लावलेली. या जोडीमुळे ते पेशींवरच्या अ‍ॅडिनोसिन या रसायनाच्या जागांना, म्हणजे ग्राहींना, कमी चिकटतं, आणि थिओफायलिनची हृदय-मेंदूवरची धडधड, थरथर बरीचशी याच ग्राहींतून येते. म्हणून डॉक्सोफायलिन सहसा सौम्य वागतं आणि त्यासाठी नेहमी रक्तपातळी तपासत बसत नाहीत. शरीरात त्याचं थिओफायलिन होत नाही, दुसराच पदार्थ होतो. यातून एक व्यवहाराची गोष्ट निघते. डॉक्सोफायलिन घेणाऱ्याची "थिओफायलिन लेव्हल" पाठवून काही कळत नाही. अहवालात आकडा अगदी खाली आला तर "औषध पुरत नाही" असं समजून डोस वाढवणं ही निव्वळ चूक ठरेल. डॉक्सोफायलिनच्या रुग्णाला उलट्या आणि धडधड होत असेल तर लक्षणं, नाडी, ईसीजी आणि पोटॅशियम यांवर निर्णय होतो, त्या आकड्यावर नाही.

सौम्य म्हणजे निर्धोक नव्हे, हेही लक्षात असू द्या. डॉक्सोफायलिनच्या माहितीपत्रकातही एरिथ्रोमायसिन, सिमेटिडिन, अ‍ॅलोप्युरिनॉल यांच्यासोबत जपून द्यावं असं असतं. जास्त मात्रेत तेही हृदयाची लय बिघडवू शकतं. आणि सगळ्यांत वाईट गोष्ट म्हणजे दोन "फायलिन" एकत्र. एका डॉक्टरांचं थिओफायलिन चालू असताना दुसऱ्यांनी माँटेलुकास्टसोबतची डॉक्सोफायलिनची गोळी दिली, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे. पाकिटांची नावं वेगळी दिसतात म्हणून घरच्यांना शंकाही येत नाही. असं सापडलं तर पुढची गोळी घेण्याआधी डॉक्टरांना फोन करा.

इथून पुढे थिओफायलिनबद्दलच बोलू, कारण धोका तिथं आहे.

आकडा काय सांगतो, आणि रक्त कधी काढायचं

पूर्वी १० ते २० µg/mL ही पातळी योग्य मानत. आता बरेच डॉक्टर, विशेषतः वयस्कर रुग्णांत, ५ ते १५ च्या दरम्यान समाधानी असतात. फायदा बऱ्याच अंशी तिथं मिळून जातो आणि २० पासून अंतर राहतं. काही अहवाल mg/L मध्ये येतात, तो आकडा तोच असतो. µmol/L मध्ये आला तर त्याला ५.५५ ने भागा. म्हणजे ५५ हा आकडा दिसून घाबरायचं कारण नाही, तो १० आहे.

आकड्यापेक्षा रक्त काढण्याची वेळ जास्त वेळा चुकते. हल्ली थिओफायलिन बहुतेक वेळा हळूहळू सुटणाऱ्या गोळीत असतं. गोळी घेतल्यानंतर चार ते सहा तासांनी नमुना घ्यावा, असा रिवाज आहे. सकाळच्या गोळीआधी उपाशीपोटी काढलेला नमुना तळाची पातळी सांगतो, आणि तो आकडा वरच्या पातळीशी ताडून पाहिला तर खोटा दिलासा मिळतो. म्हणून फॉर्मवर दोन वेळांची नोंद करा: शेवटची गोळी किती वाजता घेतली आणि रक्त किती वाजता काढलं. या दोन वेळा नसलेला अहवाल मला तरी वाचता येत नाही.

दुसरी अट स्थैर्याची. औषध सुरू केल्यावर निदान पाच दिवस आणि डोस बदलल्यावर तीन दिवस जाऊ द्यावे लागतात. मधल्या काळात गोळी चुकलेली नसावी आणि एकीच्या दोनही घेतलेल्या नसाव्यात. मात्र विषबाधेचा संशय असेल तर या सगळ्या अटी बाजूला ठेवायच्या. रक्त तेव्हाच्या तेव्हा काढायचं आणि काही तासांनी पुन्हा काढायचं. हळू सुटणाऱ्या गोळीतलं औषध आतड्यातून अजून येत असतं, त्यामुळे पहिला आकडा चढणीवरचा असू शकतो.

धूर काय करतो

मोठ्या माणसात थिओफायलिनचा जवळपास नव्वद टक्के भाग यकृत मोडतं. त्यातलं मुख्य काम सीवायपी १ए२ नावाचं एन्झाइम करतं. तंबाखू जळताना धुरात जी बहुवलयी हायड्रोकार्बन्स तयार होतात, ती यकृताला हे एन्झाइम जास्त बनवायला लावतात. म्हणून धूम्रपान करणाऱ्याच्या शरीरातून थिओफायलिन भराभर निघून जातं. न ओढणाऱ्यात ते निम्मं व्हायला साधारण आठ तास लागतात, ओढणाऱ्यात चार-पाच. डॉक्टर पातळी बघत डोस वाढवत नेतात आणि तो वाढीव डोस त्या माणसासाठी बरोबरच असतो. तो ओढतोय तोपर्यंत.

इथं एक गैरसमज घट्ट आहे. हे काम निकोटिनचं नाही, धुराचं आहे. त्यामुळे सिगारेट सोडून निकोटिनचं च्युइंग गम किंवा पट्टी लावली तरी एन्झाइमच्या दृष्टीनं माणूस "सोडलेला"च असतो. चघळायची तंबाखूही या बाबतीत धुरासारखी वागत नाही. कुणी सिगारेटवरून तंबाखूच्या पुडीवर आलं तर "सवय सुटली नाही, मग औषध कशाला बदलायचं" हा तर्क लागू पडत नाही. उलट दुसऱ्याच्या धुरात दिवसभर बसणाऱ्या माणसातही थिओफायलिन लवकर निघून जाऊ शकतं.

सोडल्यावर किती दिवसांत फरक पडतो? जादा तयार झालेलं एन्झाइम साधारण दीड दिवसात निम्म्यावर येतं, आणि आठवड्याभरात शरीर थिओफायलिन सुमारे ३५ ते ४० टक्के कमी वेगानं बाहेर टाकू लागतं. म्हणून सिगारेट बंद झाल्यावर आठवड्याच्या आसपास डोस चौथा ते तिसरा हिस्सा कमी करायचा आणि पातळी पाहायची, असा ठोकताळा आहे. दिवसाला वीस सिगारेटींवरून दहावर आलेल्या माणसात फारसा फरक दिसेलच असं नाही, कारण एन्झाइम वाढवायला तेवढा धूरही पुरतो. खरा फरक पडतो तो पूर्ण बंद झाल्यावर.

दवाखान्यात दाखल झालेला माणूस "मी सिगारेट सोडली" असं म्हणत नाही. त्याला ओढू दिलेली नसते, एवढंच. म्हणून प्रश्न असा विचारायचा: "शेवटची सिगारेट नेमकी कोणत्या दिवशी ओढलीत?" ती तारीख गोळ्यांच्या यादीतच लिहून ठेवावी.

सिप्रोफ्लॉक्सासिन काय करतं

धूर एन्झाइम जास्त बनवतो. सिप्रोफ्लॉक्सासिन तेच एन्झाइम अडवून धरतं. वेगात मोठा फरक आहे. सिगारेट सोडल्याचा परिणाम आठवड्यात उलगडतो, सिप्रोफ्लॉक्सासिनचा पहिल्या दिवसापासून सुरू होतो आणि तीन-चार दिवसांत पूर्ण चढतो. सरासरी पातळी ४० टक्क्यांच्या आसपास वाढते. काहींत याहून बरीच जास्त वाढते, आणि कुणात किती वाढेल हे आधी सांगता येत नाही.

त्यातही एक पीळ आहे. थिओफायलिन जास्त झालं की मेंदू उत्तेजित होऊन आकडी येण्याचा धोका असतो, आणि सिप्रोफ्लॉक्सासिनच्या गटातली औषधं स्वतःही आकडीचा उंबरठा खाली आणतात. म्हणजे पातळीचा आकडा फार मोठा नसतानाही हे दोघं मिळून आकडी आणू शकतात.

लेव्होफ्लॉक्सासिन आणि मॉक्सिफ्लॉक्सासिन याच कुटुंबातली असूनही थिओफायलिनची पातळी फारशी वाढवत नाहीत. अझिथ्रोमायसिनही नाही. एरिथ्रोमायसिन आणि क्लॅरिथ्रोमायसिन मात्र वाढवतात, पित्तावरचं सिमेटिडिन तर सिप्रोफ्लॉक्सासिनपेक्षाही जास्त. म्हणून छातीच्या संसर्गासाठी पर्याय बहुतेक वेळा निघतो. पण कोणता जंतू आहे यावर निवड ठरते आणि ती डॉक्टरांनीच करायची. सिप्रोफ्लॉक्सासिन घरी परस्पर बंद करून जुन्या पाकिटातलं दुसरं अँटिबायोटिक घेणं हा उपाय नव्हे.

ताप आणि यकृताचा किंवा हृदयाचा बिघाड हेही पातळी वर ढकलतात. ३९ अंश सेल्सियसच्या वरचा ताप दिवसभर राहिला तरी थिओफायलिन हळू निघतं. म्हणजे ज्या आजारासाठी अँटिबायोटिक दिलं, तो आजारच पातळी वाढवत असतो.

एक उदाहरण, आकड्यांसकट

हे एका माणसाचं नाही, अनेकांवरून जुळवलेलं उदाहरण आहे. ६८ वर्षांचे काका, वजन ६५ किलो, सीओपीडी हा फुफ्फुसांचा जुनाट आजार, दिवसाला वीस सिगारेटी. थिओफायलिन ४०० मिलिग्रॅमची हळू सुटणारी गोळी सकाळ-संध्याकाळ, म्हणजे दिवसाला ८०० मिलिग्रॅम. या वयाला हा डोस मोठाच, पण दोन महिन्यांपूर्वी पातळी तपासली तेव्हा १० आली होती. त्यामुळे तो त्यांना बरोबर बसत होता.

आता हिशेब. दिवसाला ८०० म्हणजे तासाला सुमारे ३३ मिलिग्रॅम. पातळी १० वर स्थिर आहे, याचा अर्थ शरीर दर तासाला साधारण ३.३ लीटर रक्तद्रव थिओफायलिनपासून मोकळं करतंय. शरीराची हीच साफ करायची क्षमता खरी महत्त्वाची, आणि सगळे बदल तिच्यावर होतात.

दम वाढला म्हणून काका दाखल झाले. सिगारेट त्याच दिवशी बंद. सहाव्या दिवशी घरी आले, डोस तोच. क्षमता ३५ टक्क्यांनी घटली, म्हणजे ३.३ वरून सुमारे २.२. तेवढ्याच गोळ्यांवर पातळी १५ च्या पुढे गेली. या टप्प्यावर काकांना कदाचित फक्त झोप थोडी कमी लागली असेल. कुणी तपासलं नाही, कारण तक्रार नव्हती.

आठव्या दिवशी ताप आला, कफ हिरवा झाला, आणि सिप्रोफ्लॉक्सासिन ५०० मिलिग्रॅम दोनदा सुरू झालं. १५.४ ला ४० टक्के जोडा: २१.६. क्षमता आता १.५ च्या आसपास, पहिल्याच्या निम्म्याहून कमी. औषध निम्मं व्हायला पूर्वी सात तासांच्या आत लागायचे, आता चौदा.

अकराव्या दिवशी काका आले तेव्हा पातळी २४ होती. हिशेबापेक्षा थोडी जास्त, आणि ते अपेक्षितच आहे. एक तर ताप. दुसरं, वरच्या पातळीला यकृताची ताकद अपुरी पडू लागते. तिथून पुढे आकडे सरळ रेषेत वाढत नाहीत, उसळी मारतात. म्हणून हे गुणाकार डोस खाली आणण्याचा अंदाज घ्यायला चालतात. डोस वर नेताना त्यांच्यावर विसंबू नये.

पहिली लक्षणं कशी ओळखायची

काकांची गोष्ट अकराव्या दिवशी नाही, दहाव्या दिवशी सुरू झाली होती. सकाळचा चहा नकोसा झाला. दुपारी ताट तसंच परत गेलं. रात्री डोळा लागला नाही आणि चिडचिड झाली. अकराव्या दिवशी दोन उलट्या झाल्या, पेला धरताना हात थरथरला. घरच्यांनी प्रत्येकाला कारण शोधून ठेवलं होतं. उलटी अँटिबायोटिकची, थरथर पंपाची, झोप सिगारेट सुटल्याची, धडधड तापाची. एकेक कारण पटण्यासारखंच होतं. फसगत तिथंच होते, कारण थिओफायलिनची विषबाधा नेमकी याच चार वेषांत येते.

त्यामुळे मी लक्षणांची यादी पाठ करायला सांगत नाही. एक जोडी लक्षात ठेवायला सांगतो: पोट आणि अस्वस्थता. मळमळ किंवा उलटी, आणि त्याच दिवसांत थरथर, धडधड, निद्रानाश किंवा डोकेदुखी यांतलं काही नवीन दिसलं, आणि मागच्या पंधरवड्यात सिगारेट किंवा औषध बदललेलं आहे, तर तोवर थिओफायलिनच दोषी धरायचं. पातळी आल्यावर त्याची सुटका करता येते.

औषध नुकतंच सुरू केलं असताना पहिल्या काही दिवसांत सौम्य मळमळ आणि अस्वस्थता योग्य पातळीतही येते, आणि पुढे विरते. कॉफीची सवय नसलेल्यानं कॉफी घ्यावी तसं. पण महिनोन्महिने विनातक्रार घेणाऱ्याला ती आज नव्यानं झाली, तर तिचा अर्थ वेगळा. आणि कॉफीचा उल्लेख आलाच आहे तर, कॅफीनही त्याच एन्झाइमनं मोडतं. सिप्रोफ्लॉक्सासिन चालू असताना चहा-कॉफीतलं कॅफीनही शरीरात जास्त वेळ राहतं आणि थरथरीत भर घालतं. ते दिवस कॉफी बंद ठेवली तर चित्र स्पष्ट दिसतं.

घरी करण्यासारखी एकच मोजणी उपयोगी आहे: नाडी. पंपाचं औषध घेतल्यावर लगेच नाही, अर्धा तास शांत बसून, पूर्ण एक मिनिट. तुलना पुस्तकातल्या आकड्याशी करू नका, त्या माणसाच्या नेहमीच्या नाडीशी करा. काकांची नेहमीची ८४, अकराव्या दिवशी १२४. बसल्या जागी १२० च्या वर नाडी किंवा ठोके मध्येच चुकणं, दोन्हींत घरी थांबायचं नाही.

आता सगळ्यांत अवघड भाग. उलटी आधी येईल, मग धडधड, मग आकडी, अशी पायरी-पायरीनं विषबाधा चढेलच असं नाही. विशेषतः दीर्घकाळ औषध घेणाऱ्या वयस्कर माणसात पहिली ठळक खूण थेट आकडी किंवा हृदयाची बिघडलेली लय असू शकते. एकदम ढीगभर गोळ्या घेतलेल्या तरुणात उलट्या जोरदार होतात आणि पोटॅशियम खूप खाली जातं, चित्र ओरडून सांगतं. हळूहळू साचलेल्या विषबाधेत चित्र फिकट असतं, पण आकडी कमी पातळीलाच येऊ शकते. म्हणून "उलटी नाही, मग पातळी ठीक असेल" हा निष्कर्ष कधीच काढू नये. सिगारेट सुटली आणि सिप्रोफ्लॉक्सासिन आलं, एवढं कारण रक्त तपासायला पुरेसं आहे. लक्षणांची वाट पाहायची नाही.

संशय आला की काय करायचं

उलट्या होत असतील किंवा वर सांगितलेली जोडी दिसली असेल तर थिओफायलिनची पुढची गोळी घेऊ नका आणि त्याच वेळी डॉक्टरांना गाठा. एक डोस चुकल्यानं दम थोडा वाढेल, पंपानं तो सांभाळता येतो. साचलेल्या औषधावर आणखी एक गोळी मात्र परत काढता येत नाही. इतर पंप आणि गोळ्या चालू राहू द्या. हळू सुटणारी गोळी फोडून किंवा चावून "अर्धी" घेऊ नका; ती फोडली की तासांनी सुटणारं औषध एकदम सुटतं. आकडी, गोंधळलेपणा, छातीत अनियमित ठोके किंवा थांबत नसलेली उलटी असेल तर फोनवर वेळ घालवू नका, थेट आपत्कालीन विभाग. सोबत सगळी पाकिटं न्या, रिकामीही. कागदावर तीन तारखा-वेळा लिहून न्या: शेवटची थिओफायलिनची गोळी, शेवटची सिगारेट, सिप्रोफ्लॉक्सासिनची पहिली गोळी.

तिथं काय होतं हे घरच्यांना माहीत असलं तर घाबरणं कमी होतं. ईसीजी काढतात, थिओफायलिनची पातळी काही तासांच्या अंतरानं पुन्हा पुन्हा पाहतात, पोटॅशियम आणि साखर तपासतात. थिओफायलिन पोटॅशियम पेशींच्या आत ढकलतं. पंपातलं साल्ब्युटामॉलही तेच करतं, म्हणून दोघं मिळून ते घसरतं आणि हृदयाची लय बिघडायला वाट मिळते. सक्रिय कोळसा पोटातून देतात, तोही एकाहून अधिक वेळा. रक्तात शोषलं गेलेलं थिओफायलिनही आतड्याच्या भिंतीतून परत ओढून घेण्याची त्याची क्षमता आहे. फार कमी औषधांत हे जमतं. उलटी थांबवली नाही तर कोळसा आत टिकत नाही, म्हणून उलटी थांबवणारं औषध आधी. आकडी आली तर बेंझोडायझेपिन गटातली औषधं वापरतात. नेहमीचं फेनिटॉइन या आकडीवर चालत नाही. पातळी फारच वर असेल किंवा आकड्या, लयीचे बिघाड थांबत नसतील तर डायलिसिसनं थिओफायलिन चांगलं बाहेर काढता येतं. डायलिसिस म्हणजे किडनी गेली, असं समजून नातेवाईक हादरतात. इथं तसं काही नसतं, यंत्र फक्त औषध गाळून काढतं.

काकांना डायलिसिस लागलं नाही. पोटॅशियम ३.२ होतं, ते भरून काढलं. थिओफायलिनचे दोन डोस थांबवले, सिप्रोफ्लॉक्सासिनच्या जागी कफाच्या तपासणीनुसार दुसरं अँटिबायोटिक आलं. दुसऱ्या दिवशी पातळी १३ वर होती आणि नाडी ९२.

नवा डोस, आणि उलटा प्रवास

आता डोस किती? इथं पुष्कळ जण जुनाच डोस परत सुरू करतात, कारण "दोषी" सिप्रोफ्लॉक्सासिन गेलेलं असतं. पण सिगारेट सुटलेलीच आहे. ८०० वर काका परत १५ च्या पुढे जातील. प्रमाणानं पाहिलं तर दिवसाला ६०० वर पातळी साडेअकराच्या आसपास येईल, ४०० वर पावणेआठ. वय पाहून डॉक्टरांनी ४०० निवडला, २०० सकाळी आणि २०० संध्याकाळी. पाच दिवसांनी, गोळीनंतर पाच तासांनी काढलेल्या नमुन्यात ८ आली. दम बरा होता, तिथंच ठेवलं.

सिप्रोफ्लॉक्सासिन टाळताच येत नसेल, कारण जंतू तसा आहे, तर ते सुरू करतानाच थिओफायलिन कमी करायचं किंवा तेवढे दिवस थांबवायचं, हे डॉक्टर ठरवतात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पातळी पाहिली तर चढण वेळेत दिसते. काकांच्या बाबतीत सिगारेट बंद आणि सिप्रोफ्लॉक्सासिन चालू अशा स्थितीत १२ च्या आसपास राहायला दिवसाला ४५० मिलिग्रॅमही पुरलं असतं. आधीचे ८०० तेव्हा जवळपास दुप्पट होते.

आणि कोर्स संपला की गणित उलटं फिरतं. सिप्रोफ्लॉक्सासिन शरीरातून एक-दोन दिवसांत जातं, एन्झाइम मोकळं होतं आणि कमी केलेल्या डोसवर पातळी घसरते. त्या आठवड्यात दम पुन्हा लागला तर "संसर्ग परत आला" असं गृहीत धरून आणखी अँटिबायोटिक घेण्याआधी थिओफायलिनची पातळी पाहावी. डोस कमी केला तेव्हाच तो परत कधी तपासायचा ती तारीख चिठ्ठीवर लिहून घ्या.

सिगारेट परत सुरू झाली तरी तेच होतं, फक्त हळू. पातळी आठवड्याभरात खाली येते आणि माणूस म्हणतो, गोळी लागू पडेना. काकांच्या चिठ्ठीवर म्हणून डोसच्या खाली एक ओळ लिहिली आहे: "पुन्हा ओढायला लागलात तर लपवू नका, रागावणार नाही, रक्त तपासू."